पेन ड्राइव्ह लावला, पण फोनमध्ये दिसत नाही?

निकाहचा व्हिडिओ स्टुडिओवाले हल्ली पेन ड्राइव्हमध्ये देतात. घरी कॉम्प्युटर नसेल तर छोटा ओटीजी अडॅप्टर लावून तो फोनवरच बघता येतो. पण काही फोनमध्ये काहीच दिसत नाही. अशा वेळी आधी पेन ड्राइव्हचा लाइट बघा.

लाइट लागलाच नाही, तर बहुधा फोन त्याला करंटच देत नाहीये. ओप्पो, विवो, रियलमीच्या अनेक फोनमध्ये सेटिंगमध्ये OTG शोधून चालू करावं लागतं, आणि थोडा वेळ वापर झाला नाही की ते आपोआप बंद होतं. काही जुन्या स्वस्त फोनमध्ये ही सोयच नसते. तिथे दुसरा अडॅप्टर आणून पैसे घालवू नका.

लाइट लागतो पण फोन Format करायला सांगतो, तेव्हा मात्र सांभाळा. 4 जीबी किंवा त्याहून मोठी फाइल FAT32 मध्ये बसत नाही, म्हणून काही स्टुडिओवाले पेन ड्राइव्ह NTFS करून देतात, आणि ते बरेच अँड्रॉइड फोन वाचत नाहीत. व्हिडिओ शाबूत असतो, पण तुम्ही हो म्हणालात की गेला! पेन ड्राइव्ह स्टुडिओत न्या, exFAT करून व्हिडिओ पुन्हा टाकून मागा. फोन जुना असून तेही वाचत नसेल, तर FAT32 करून व्हिडिओचे 4 जीबीपेक्षा लहान तुकडे करून घ्या.