पिशवी उलटी का झाली?

आज आमच्या शिवण गटाच्या एका चुकीची गोष्ट सांगणार आहोत. तुमचा गट परिषदांसाठी पिशव्या आणि वह्या करून देत असेल, तर ती उपयोगी पडेल.

दोन वर्षांपूर्वी शेतकऱ्यांच्या एका परिषदेसाठी आम्ही तीनशे पिशव्या शिवल्या. प्रायोजक होती ठिबक सिंचनाची एक कंपनी. त्यांनी सांगितलं तसं आम्ही छापलं: पिशवीभर बोधचिन्ह, खाली परिषदेचं नाव, तारीख आणि ठिकाण. चार महिन्यांनी आठवडी बाजारात आमच्याच पिशवीत एका बाईंनी बटाटे भरलेले दिसले, पण पिशवी उलटी केलेली! विचारलं तर म्हणाल्या, "कापड चांगलं आहे हो, पण जाहिरात घेऊन कशाला फिरू?"

म्हणजे शिलाई टिकली, पण ज्यासाठी प्रायोजकानं पैसे दिले ते आत गेलं. पुढच्या वर्षी तीच ऑर्डर आली, तेव्हा आम्ही आधी दोन नमुने केले आणि मगच बोललो.

पहिला बदल मजकुरात केला. तारीख आणि ठिकाण काढलं, कारण परिषद संपली की पिशवी जुनी वाटू लागते. त्या जागी मोठ्या अक्षरात एकच ओळ घेतली, "थेंब मोजून, पीक भरून". तिच्याखाली बोधचिन्ह फक्त अडीच इंच रुंद ठेवलं. ओळ आवडते म्हणून बाई पिशवी सरळ धरते, आणि तिच्याबरोबर कंपनीचं नावही फिरतं.

दुसरा बदल जागेत. पिशवी टेबलावर सपाट ठेवून जागा ठरवू नका, भरून खांद्याला लावून बघा. वरचा भाग काखेत जातो, खालचा तळाच्या पट्टीत वळतो. आमचा कापडाचा तुकडा सतरा इंच रुंद आणि वीस इंच उंच होता. वर दोन इंच दुमडीत गेले, खाली अर्धा इंच शिलाईत आणि दोन इंच तळात. उरले साडेपंधरा. त्यात मजकुराचा मध्य वरच्या काठापासून साडेसात इंचांवर घेतला. छपाई शिवण्याआधी करतात, कारण शिलाईच्या उंचवट्यावर स्क्रीन सपाट बसत नाही. म्हणून छापणाऱ्याला दुमडीचे दोन इंच धरून साडेनऊ इंचांची खूण करून दिली. ही बेरीज विसरलात तर सगळी छपाई दोन इंच वर चढते. पिशवीची एक बाजू नेहमी अंगाकडे असते, म्हणून दोन्ही बाजूंना तेच छापलं.

कंपनीचं बोधचिन्ह दोन रंगी होतं. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते आणि दोन रंग जुळवताना सरकतात, म्हणून त्यांच्या संमतीनं एकच गडद निळा रंग घेतला. जाड कापडावर बारीक रेघा भरून जातात. रफार आणि अनुस्वार तर सगळ्यात आधी बिघडतात. नमुना सहा हातांवर धरून वाचता येतो का, ते बघा.

रंग पक्का बसलाय का, हेही तपासायचं. छापलेला तुकडा पूर्ण वाळल्यावर रंगवाल्यानं सांगितलेली उष्णता द्यायची, मग ओलं पांढरं फडकं त्यावर घासायचं. फडक्याला रंग लागला तर उष्णता कमी पडली. तोच तुकडा धुवून पुन्हा मोजा, कोरं सुती कापड आटतं. आमचं आटलं, म्हणून सगळं कापड आधी धुवून मगच कापलं.

आता वही. कंपनीला प्रत्येक पानावर बोधचिन्ह हवं होतं. पण त्यानं लिहायच्या ओळी जातात, आणि मग वही कपाटात पडते. आम्ही शेवटची दहा पानं तक्त्याची केली: तारीख, कोणता प्लॉट, व्हॉल्व्ह किती वेळ चालू, फिल्टर कधी धुतला. प्रत्येक तक्त्याच्या तळाशी कंपनीचं नाव आणि मदतीचा फोन नंबर. फिल्टर तुंबला की शेतकरी तेच पान उघडणार! मुखपृष्ठावर तीच ओळ घेतली, कडांपासून एक इंच आत. हात लागून कडा आणि कोपरे आधी झिजतात, घडीवरची शाई तडकते. परिषदेचं नाव आणि तारीख पहिल्या पानावर गेली, ज्याला आठवण हवी त्याला ती सापडते. बांधणी शिवलेली घेतली, कारण स्प्रिंग पिशवीत दबली की पानं उलटत नाहीत.

कंपनीच्या साहेबांना बोधचिन्ह लहान वाटलं. आम्ही वाद घातला नाही. दोन्ही नमुने त्यांच्याच घरी आठवडाभर वापरायला दिले. मोठ्या बोधचिन्हाची पिशवी दाराच्या खिळ्यालाच राहिली. ऑर्डर दुसऱ्या नमुन्याची आली.

तुम्हीही नमुना दाखवाल, तेव्हा तो रिकामा दाखवू नका. दोन किलो बटाटे भरून दाखवा.