अंड्याला केसाएवढी चीर : खायचं की फेकायचं? आधी बघा, चीर पडली कधी

जालना : बाजारातून तीस अंड्यांचा ट्रे घ्यायचा, दुचाकीच्या मागे दोरीने आवळायचा आणि खड्डे चुकवत गाव गाठायचं. घरी ट्रे सोडला की एखाद्या अंड्यावर केसासारखी बारीक चीर दिसतेच. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "आतून काय सांडलंय का? घाल भुर्जीत." दुसरा म्हणतो, "फेकून दे, लेकरं खातात." गंमत म्हणजे दोघंही कधी बरोबर असतात, कधी चूक. कारण चीर किती मोठी आहे यापेक्षा ती कधी पडली, हे जास्त महत्त्वाचं आहे.

चीर पडली की नेमकं काय होतं?

अंड्याचं टरफल जाडीला अर्धा मिलिमीटरही नसतं आणि त्याला डोळ्यांना न दिसणारी हजारो बारीक छिद्रं असतात. कोंबडी अंडं घालते तेव्हा त्यावर एक पातळ थर असतो, तो वाळून ही छिद्रं बऱ्यापैकी बुजवतो. टरफलाच्या आत दोन पातळ पापुद्रे असतात. उकडलेलं अंडं सोलताना हाताला चिकटतो तो हाच पापुद्रा. त्याच्या आत पांढरा बलक. या पांढऱ्या बलकात जंतूंना मारणारी आणि त्यांना उपाशी ठेवणारी द्रव्यं असतात. थोडक्यात, अंडं म्हणजे तटबंदी असलेला किल्ला आहे.

चीर पडली की बाहेरचा तट फुटला. पापुद्रा शाबूत असेल तर आतली माणसं अजून लढतायत. पण टरफलावर कोंबडीच्या विष्ठेतले जंतू असतात, त्यातला 'साल्मोनेला' हा जास्त त्रासाचा. आता त्यांना आत शिरायला रस्ता मिळाला. सुरुवातीचे काही तास पांढरा बलक त्यांना वाढू देत नाही. जसा वेळ जातो आणि उष्णता वाढते, तसं पिवळ्या बलकाभोवतीचं आवरण कमजोर होतं आणि त्यातलं अन्न बाहेर झिरपतं. ते जंतूंना मिळालं की वाढ झपाट्याने होते. अर्ध्या तासाला दुप्पट धरलं तरी सहा तासांत एकाचे चार हजार होतात.

म्हणूनच वेळ आणि ऊन या दोन गोष्टींवर सगळा हिशोब आहे. आणि यात फसवणूक अशी की साल्मोनेला वाढलेल्या अंड्याला वास येईलच असं नाही. रंग तोच, चव तीच. "फोडून वास घेतला, चांगलं होतं" याला काही अर्थ नाही.

दुकानातच मोबाईलची बॅटरी लावा

चीर कधी पडली हे कळायचं असेल तर ट्रे घेतानाच तपासला पाहिजे. दुकानात तपासलेलं अंडं घरी चिरलेलं निघालं तर ती चीर वाटेतली, हे नक्की. न तपासता आणलं तर ती तासाभरापूर्वीची की आठ दिवसांपूर्वीची, हे कोणीच सांगू शकत नाही. आपल्याकडे बरीच अंडी तेलंगण, कर्नाटकातून ट्रकने येतात. वाटेत चढउतार किती झाली, कुठे उन्हात थांबली, आपल्याला माहीत नसतं.

तपासायची रीत सोपी आहे. दुकानाच्या आत, सावलीत उभं राहा. मोबाईलची बॅटरी लावा, अंड्याचं रुंद टोक उजेडावर टेकवा आणि अंडं हळूहळू फिरवा. चीर असेल तिथून उजेड जास्त येतो, त्यामुळे पांढरी चमकती रेघ दिसते. टरफलात विखुरलेले गोल फिकट ठिपके दिसले तर घाबरू नका, ती टरफलाची ठेवण असते. चीर ही नेहमी रेघेसारखी, फाटे फुटलेली दिसते. तपकिरी गावरान अंड्यात ती जरा उशिरा दिसते, म्हणून सावकाश फिरवा.

तीसच्या तीस अंडी अशी बघायला वेळ नसेल तर कानाने ओळखा. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो, तसंच. दोन अंडी एकमेकांना अगदी हलकी टेकवा. धड अंड्याचा आवाज खणखणीत येतो, चिरलेल्याचा बद्द येतो. शंका आली तेवढीच अंडी उजेडावर धरा.

उन्हाळ्यात हे जास्त करा. गरमीत कोंबडी सारखी धापा टाकते, खाद्यही कमी खाते, त्यामुळे टरफल पातळ होतं आणि जरा धक्का लागला की तडकतं.

एका ट्रेचा हिशोब

आमच्याच घरच्या एका ट्रेचं सांगतो. हिवाळ्यातली सकाळ होती. दुकानात बॅटरी लावली तेव्हा तीसपैकी दोन अंड्यांत रेघ दिसली, ती तिथेच बदलून घेतली. तासाभरात घरी पोचलो. पुन्हा बघितलं तर तीन अंडी गेलेली.

पहिल्या दोन अंड्यांवर केसासारखी चीर होती. बाहेर ओल नव्हती, म्हणजे आतला पापुद्रा धड होता. चीर तासाभरातलीच, हेही माहीत होतं. ही दोन्ही अंडी एका स्वच्छ, कोरड्या वाटीत फोडली, घट्ट झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली आणि संध्याकाळी त्यांची भुर्जी केली. अमेरिकेच्या कृषी खात्याचाही सल्ला हाच आहे : घरी आणताना चिरलेलं अंडं फोडून, झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांच्या आत वापरा. चिरलेलं अंडं टरफलासकट ठेवायचं नाही, कारण टरफलावरचे जंतू चिरेला लागूनच बसलेले असतात. फोडताना टरफलाचा तुकडा वाटीत पडू देऊ नका.

तिसरं अंडं गळत होतं. बलक पुठ्ठ्याला चिकटला होता. हेही वाटेतच फुटलेलं, पण ते फेकलं. पापुद्रा फाटून बलक बाहेरच्या घाणीला लागला की किल्ला पडला, तिथे वेळेचा हिशोब चालत नाही. शेजारच्या अंड्यांना लागलेला बलक कागदाने पुसला आणि ती अंडी आधी वापरायला काढली.

चौथं अंडं पाच दिवसांनी सापडलं. फ्रिजच्या अगदी मागे, भिंतीला टेकलेलं आणि उभं चिरलेलं. तिथे थंडी इतकी होती की अंडं आतून गोठलं, फुगलं आणि टरफल तडकलं. ही चीर कालची की चार दिवसांची, माहीत नाही. म्हणून तेही फेकलं. दोन अंड्यांचे बारा-चौदा रुपये गेले. दवाखान्याच्या एका फेरीपुढे ते काहीच नाही.

म्हणजे नियम एवढाच : डोळ्यांदेखत पडलेली चीर आणि बाहेर कोरडं असेल तर फोडून, झाकून, लवकर वापरा. गळत असेल तर फेका. चीर कधीची हे माहीत नसेल तरी फेका.

फ्रिज नसेल, लाईट गेली असेल तर?

घरात फ्रिज नसेल तर चिरलेलं अंडं ठेवायचंच नाही. लगेच चुलीवर घ्या. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा फुटलेलं अंडं तासाभराहून जास्त बाहेर राहू देऊ नका. थंडीत दोन तास धरा.

लाईट गेली तर फ्रिजचं दार उघडू नका. दार बंद असेल तर साधारण चार तास थंडावा टिकतो. त्याहून जास्त वेळ लाईट नव्हती तर वाटीतलं फोडलेलं अंडं टाकून द्या. ही वाटी दारातल्या कप्प्यात ठेवू नका, दार उघडलं की तिथलं तापमान आधी वाढतं. आतल्या फळीवर ठेवा, पण मागच्या भिंतीला टेकवू नका.

या चुका टाळा

चिरलेलं अंडं धुऊ नका. थंड पाण्यात घातलं की आतला भाग आकसतो आणि चिरेतून बाहेरचं पाणी घाणीसकट आत ओढलं जातं. तरंगतं का बुडतं, ही पाण्यातली परीक्षाही चिरलेल्या अंड्याची करू नका. त्या परीक्षेत अंडं जुनं की ताजं एवढंच कळतं, आत जंतू आहेत का ते कळत नाही.

काही जण चिरेवर चिकटपट्टी लावून अंडं ठेवतात. त्याने गळायचं थांबेल, पण आत शिरलेले जंतू बाहेर येणार नाहीत.

"शिजवलं की सगळं मरतं" हेही अर्धंच खरं. साल्मोनेला नीट शिजवल्यावर मरतो. पांढरा आणि पिवळा दोन्ही बलक घट्ट झाले पाहिजेत, पिवळा वाहता राहिलेलं अर्धकच्चं ऑम्लेट चालणार नाही. पण काही जंतू वाढताना विष सोडतात आणि ते शिजवूनही जात नाही. म्हणून दिवसभर उन्हात राहिलेलं फुटकं अंडं कितीही भाजलं तरी भरवशाचं नाही.

एक दिलासा मात्र आहे. धड अंडं उकडताना भांड्यात तडकलं तर बिनधास्त खा. रुंद टोकातली हवा गरम होऊन फुगते म्हणून ते तडकतं, आणि जंतू शिरले तरी उकळत्या पाण्यात टिकत नाहीत. फक्त अंडं भांड्यात टाकताना धड होतं, याची खात्री पाहिजे.

शाळेत, कार्यक्रमात अंडी आणत असाल तर

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं किंवा केळी द्यायचा निर्णय घेतला होता. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा सरकारी निधी बंद झाला आणि लोकसहभागातून अंडी द्यायला मुभा राहिली. आता गावातून कोणी शाळेला अंडी देणार असेल तर तपासायची जबाबदारी देणाऱ्यावर आणि शिजवणाऱ्यावर येते. शंभर-दोनशे अंडी एका पातेल्यात पडतात तेव्हा उकडल्यावर दिसलेला तडा आधीचा की आत्ताचा, हे ओळखता येत नाही. म्हणून अंडी पातेल्यात टाकायच्या आधीच उजेडावर धरा आणि चिरलेली बाजूला काढा. ती लेकरांच्या ताटात नकोत.

दूषित अंड्याचा त्रास बहुतेक वेळा खाल्ल्यानंतर सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत सुरू होतो. ताप, पोटात कळा, जुलाब, उलट्या. तोवर आपण ते अंडं विसरलेलोही असतो. लहान लेकरं, गरोदर बाया आणि म्हातारी माणसं यांना हा त्रास जड जातो. जुलाब लागले तर ओआरएसचं पाणी सुरू करा. जुलाबात रक्त, न उतरणारा ताप किंवा लघवी कमी झालेली दिसली तर वाट न बघता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा, आणि डॉक्टरांना दोन-तीन दिवसांत काय काय खाल्लं ते आठवून सांगा, अंड्यासकट.