गाडीतळावरची शाळा
फिरस्त्यांची शाळा : लेखांक ४

गेल्या आठवड्यात आपण वीटभट्टीवरच्या मुलांपाशी थांबलो होतो. आज उसाच्या फडात जाऊ. महाराष्ट्रात फिरत्या शाळेचा सर्वांत मोठा प्रयोग, साखरशाळा, तिथेच झाला, आणि तो का आटला हे समजून घेण्यासारखे आहे.

आधी वेळापत्रक पाहा. शाळा जूनमध्ये उघडते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीकडच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. पट्टा पडतो, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपतो, तो मार्च-एप्रिलमध्ये. मुलाचे पहिले सत्र गावात होते, दुसरे सत्र पूर्ण हुकते आणि वार्षिक परीक्षेच्या आगेमागे ते परत येते. चौथीतल्या मुलीने भागाकार नुकता सुरू केलेला असतो आणि ट्रक येतो. पुढच्या जूनमध्ये ती पाचवीत बसते, पण भागाकार चौथीतच राहिलेला असतो. असे तीन हंगाम गेले की तिला वर्गात काही कळेनासे होते आणि पुढे तीच शाळेत यायची बंद होते.

मुलाला मागे का ठेवत नाहीत, असे शहरी वाचक हमखास विचारतात. टोळीत मजूर मोजतात ते कोयत्यावर आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती जोडीने. दोघेही गेल्यावर घरी उरते म्हातारी, तीही असली तर.

फडावर गेल्यावर मुलांचे काय होते, ते टोळी कोणत्या प्रकारची यावर ठरते. शिक्षणाच्या चर्चेत हा मुद्दा क्वचित येतो. मला तर सगळी गोष्ट इथेच दडलेली वाटते. गाडी सेंटरवाले मजूर बैलगाडीने ऊस वाहतात. त्यांना कारखान्याच्या जवळपासचा ऊस मिळतो, म्हणून त्यांच्या कोप्या कारखान्याशेजारी एकाच तळावर हंगामभर उभ्या असतात. एका तळावर शेकडो कुटुंबे असू शकतात. डोकी सेंटरवाले मोळी डोक्यावर वाहून ट्रक भरतात. त्यांचा मुक्काम फडाप्रमाणे हलतो. एका गावाची तोड संपली की कोपी मोडायची आणि पुढच्या गावाच्या शिवारात उभी करायची. दहाबारा जोड्यांची टोळी, तिच्यात सगळ्या वयांची मिळून मूठभर मुले.

साखरशाळा उभी राहिली ती पहिल्या प्रकारच्या तळावर. कारखान्याने जागा आणि पाचट-बांबूची किंवा पत्र्याची शेड द्यायची, संस्थेने शिक्षक नेमायचा, सरकारने पुस्तके आणि मान्यता द्यायची, अशी साधारण वाटणी होती. औरंगाबादच्या ‘जनार्थ’ संस्थेने हे काम अनेक कारखान्यांवर नेले. तळावर मुले दिवसभर मोकळीच असत, कारण आईबाप पहाटे तीन-चारला गाडी जुंपून निघालेले. शेडमध्ये येणे मुलांना अवघड नव्हते. अवघड होते ते मुलींना, कारण प्रत्येकीच्या काखेत धाकटे भावंड. त्याला दाराबाहेर ठेवा म्हटले की मुलगीही दाराबाहेरच राही. साखरशाळेला बालवाडी जोडली, की मुलींचा पट वाढे. बालवाडी म्हणजे तिथे वरची सोय नव्हती. पहिलीच्या वर्गाइतकीच ती गरजेची होती.

दुसरी अडचण तळावरून दिसत नसे. मुलाने साखरशाळेत चार-पाच महिने घालवले, पण गावच्या शाळेला त्याचा पत्ता नसे. तिच्या हजेरीपटावर ते गैरहजर. साखरशाळेत काय शिकले, परीक्षा दिली का, हे गावापर्यंत पोचवायला प्रगतिपत्रक पाठवावे लागे आणि ते गावच्या गुरुजींनी मानावे लागे. जिथे संस्थेचे कार्यकर्ते हंगामाआधी आणि नंतर गावात फिरत, तिथे हा सांधा जुळला. बाकी ठिकाणी मूल दोन शाळांत जाऊनही एकाही शाळेचे नव्हते.

आणि डोकी सेंटरच्या मुलांपर्यंत साखरशाळा फारशी पोचलीच नाही. पाच-सहा मुलांसाठी शिक्षक टोळीबरोबर हिंडणार कसा?

इथे इराणचे उदाहरण नेहमी दिले जाते. १९५०च्या दशकात मोहम्मद बहमनबेगी यांनी कश्काई आणि इतर भटक्या टोळ्यांत पांढऱ्या तंबूतल्या शाळा काढल्या आणि १९५७मध्ये शिराझला टोळ्यांतल्याच तरुणांसाठी शिक्षक-प्रशिक्षण शाळा उघडली. तंबू कळपाबरोबर हलत असे. ते जमले, कारण तिथे अख्खी जमात मिळून हलते, आणि शिक्षक तिच्यातलाच असतो. आपली ऊसतोड टोळी म्हणजे जमात नव्हे. मुकादमाने त्या हंगामापुरती जमवलेली ती माणसे. पुढल्या वर्षी तीच माणसे त्याच टोळीत असतील याची खात्री नाही. तंबू तोच आणला तरी त्यात बसणारा वर्ग दरवर्षी वेगळा असणार.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्यानंतर धोरण असे ठरले की तात्पुरती शेड नको, मुलाला जवळच्या नियमित शाळेत बसवा. तत्त्व म्हणून हे योग्यच आहे. साखरशाळा मात्र त्यामुळे ओसरल्या. पुढे स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डही आले : मूल कार्ड घेऊन जाईल, नवी शाळा त्यावर त्याला बसवून घेईल.

कागदावर हे छान दिसते. आता हिशेब मांडून पाहू. शाळेची शिक्षकसंख्या ठरवणारी संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. बीडचे मूल त्या दिवशी गावात असते आणि पटावर मोजले जाते. ते ऑक्टोबरनंतर गेले तरी गावच्या शाळेचे काही बिघडत नाही. उलट नाव कमी केले तर बिघडते. कोल्हापूर-सांगलीकडच्या शाळेत ते नोव्हेंबरात पोचते, तेव्हा मोजणी होऊन गेलेली असते. तिथल्या गुरुजींना वीस मुले वाढतात, शिक्षक वाढत नाही. कार्ड मागायला आणि द्यायला दोघांनाही फारसे कारण उरत नाही. टोळी बेळगावकडे गेली, तर जवळची शाळा बहुधा कन्नड माध्यमाची असते. तिथे कार्ड चाललेच तरी वर्गात चालायचे काय?

म्हणून बीडसारख्या जिल्ह्यांत उलटी वाट धरली : हंगामी वसतिगृह. मुलाच्या मागे शाळा न्यायची नाही, मुलालाच गावात ठेवायचे. नाव वसतिगृह, पण बहुतेक गावांत मुले झोपतात आजीकडे किंवा नातलगांकडे आणि शाळा व्यवस्थापन समिती दोन वेळचे जेवण देते. सरकार मुलामागे ठरावीक रक्कम देते. ही कल्पना मला आजवरच्या सगळ्यांत उजवी वाटते, कारण शिक्षक, भाषा, पुस्तक आणि पट, चारही तेच राहतात.

ती फसते दोन जागी. मंजुरी डिसेंबरात आली तर उपयोग नाही. मुलाला ठेवायचे की न्यायचे, हे आईबाप ट्रक यायच्या आधीच ठरवतात. आणि वयात आलेली मुलगी म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर सोडायला आईचे मन धजत नाही. तिला फडावर नेतात, किंवा तिचे लग्न उरकतात. मग तिचा स्वतःचा कोयता होतो. वसतिगृह खरे चालते का, हे पाहायचे असेल तर दुपारची हजेरी बघू नका, पोषण आहारामुळे तेव्हा मुले असतातच. संध्याकाळच्या पंगतीला जा आणि ताटे मोजा.

तुमच्या गावाच्या शिवारात या हंगामात कोप्या दिसल्या, तर एवढे ध्यानात असू द्या : शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे जवळच्या सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेला त्या मुलांना वयानुरूप वर्गात बसवून घ्यावे लागते, आणि जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून त्यांना परत पाठवता येत नाही. मुलाच्या आईला हे बहुधा माहीत नसते. मुख्याध्यापकांकडे तिच्याबरोबर कोणीतरी गेले पाहिजे.

(पुढील लेखांकात : बसमधली शाळा)