सदतीस षटकं, एक चेंडू

५ सप्टेंबर २०२३, लाहोर. आशिया चषकात श्रीलंकेनं ५० षटकांत २९१ धावा केल्या होत्या. अफगाणिस्तानला नुसतं जिंकून भागणार नव्हतं. पुढच्या फेरीत जायचं तर २९२ धावा ३७ षटकं आणि एका चेंडूत हव्या होत्या. मोहम्मद नबीनं ३२ चेंडूंत ६५ धावा ठोकल्या, रशीद खाननं शेवटी फटकेबाजी केली आणि ३७ षटकं संपली तेव्हा धावा होत्या ८ बाद २८९. एका चेंडूत तीन हव्या होत्या. त्यावर मुजीब झेलबाद झाला. रशीद समोरच्या टोकाला हताश झाला. अकरावा फलंदाज फारूकीनं पुढचे दोन चेंडू शांतपणे खेळून काढले आणि तिसऱ्यावर तो पायचीत झाला. श्रीलंका दोन धावांनी जिंकली.

गंमत अशी, की मुजीब बाद झाल्यावरही दार उघडंच होतं.

हे ‘३७.१’ आलं कुठून? नेट रन रेटचा हिशेब तसा सोपा आहे. स्पर्धेत आपण षटकामागे सरासरी किती धावा केल्या, त्यातून प्रतिस्पर्ध्यांना षटकामागे किती दिल्या ते वजा करायचं. मात्र प्रत्येक सामन्याचा वेगळा आकडा काढून त्यांची सरासरी करायची नाही. सगळ्या सामन्यांतल्या धावा एकत्र, षटकं एकत्र, आणि मग भागाकार. आणखी एक अट: संघ सर्वबाद झाला तर खेळलेली नव्हे, पूर्ण ५० षटकं धरायची. नाहीतर तीस षटकांत १८० वर गारद होणाऱ्याला षटकामागे सहाची शाबासकी मिळाली असती!

गटात तीनच संघ होते. श्रीलंकेनं बांगलादेशला १६४ वर गुंडाळून ३९ षटकांत १६५ केल्या होत्या. बांगलादेशनं ३३४ करून अफगाणिस्तानला २४५ मध्ये बाद केलं होतं. अफगाणिस्तान जिंकलं असतं तर तिघांचा एकेक विजय झाला असता. बांगलादेशचा रेट अधिक ०.३७३, म्हणजे सुरक्षित. खरी चुरस उरलेल्या दोघांत.

आता २९२ धावा ३७.१ षटकांत झाल्या असं धरू. अफगाणिस्तानच्या एकूण धावा ५३७, षटकं ८७ आणि एक चेंडू. इथे बरेच जण कॅल्क्युलेटरवर ८७.१ टाकतात आणि फसतात. एक चेंडू म्हणजे षटकाचा सहावा भाग, म्हणून ८७.१६७ घ्यायचं. भागाकार येतो ६.१६१. दिलेल्या धावा १०० षटकांत ६२५, म्हणजे ६.२५. वजाबाकी: उणे ०.०८९.

श्रीलंकेचं चित्र फार मजेशीर आहे. केलेल्या धावा ४५६ आणि दिलेल्याही ४५६! पण करायला ८९ षटकं लागली आणि दिल्या ८७.१ मध्ये, म्हणून रेट उणे ०.१०८. अफगाणिस्तान पुढे. हेच २९२ एका चेंडूनं उशिरा झाले असते तर अफगाणिस्तान उणे ०.१०१, श्रीलंका उणे ०.०९८. पारडं फिरलं.

पण ही मर्यादा फक्त २९२ या आकड्यासाठी होती. विजयी फटका चौकार किंवा षटकार असेल तर त्याच्या सगळ्या धावा मोजल्या जातात, त्यामुळे धावसंख्या लक्ष्याच्या पुढेही जाऊ शकते. २९५ धावांसाठी ३७.५ पर्यंत मुभा होती, २९६ साठी ३८ षटकं, २९७ साठी ३८.१. म्हणजे २८९ वर असताना फारूकीच्या वाट्याला आलेल्या तीनपैकी कुठल्याही चेंडूवर एक षटकार बसला असता तरी अफगाणिस्तान पुढे गेलं असतं. एकेरी धाव काढून रशीदला समोर आणलं असतं तरीही वाट होती. अकराव्या फलंदाजाकडून षटकार मागणं जरा जास्तच, हे खरं. पण मागितलाच गेला नाही. हे आकडे आपल्याला कोणी कळवलेच नव्हते, असं प्रशिक्षक जोनाथन ट्रॉट सामन्यानंतर म्हणाले. माझ्या मते ही सबब दुबळी आहे. सूत्र नियमपुस्तकात असतं, आणि ड्रेसिंग रूममध्ये ही गणितं करणारा माणूस असायलाच हवा.

अखेर सर्वबादची अट अफगाणिस्तानलाच लागू झाली. ३७.४ षटकांत २८९, म्हणजे षटकामागे साडेसातहून अधिक. पण तक्त्यासाठी ५० षटकं धरल्यावर उरले ५.७८. त्यांच्या नावापुढे लागलं उणे ०.९१० आणि श्रीलंकेपुढे अधिक ०.५९४. तो तक्ता नंतर पाहणाऱ्याला हा सामना दोन धावांनी गेला होता, याचा पत्ताही लागणार नाही.