बाण कुठून निघतो आणि कुठे पोचतो : एकास एक आणि आच्छादक फलन

मागच्या वेळी आपण फलन म्हणजे फंक्शन काय असतं ते बघितलं. व्याख्यान संपल्यावर एका विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, फंक्शनमध्ये प्रत्येकाला एकच उत्तर असते, मंग प्रत्येक फंक्शन वन-टू-वनच झालं ना?" प्रश्न चांगला आहे, कारण ही चूक मी एमएच्या वर्गातही पाहिली आहे. आज तेवढंच सोडवू. आकडेमोड जवळजवळ नाही. पाच-सहा वस्तूंचे संच घेऊ आणि बाण काढू. ऐकणाऱ्यांनी कागद-पेन जवळ ठेवलेलं बरं.

आपल्या गुरुकुंजासमोरून नागपूर-अमरावती रस्ता जातो. तिथं पाच मिनिटं उभे राहा आणि गाड्यांच्या पाट्या वाचा. एमएच-२७ म्हणजे अमरावती, २८ बुलढाणा, २९ यवतमाळ, ३० अकोला आणि ३७ वाशिम. आपल्या वऱ्हाडातले हे पाच जिल्हे. आता डावीकडे पाच जिल्हे लिहा, उजवीकडे हे पाच क्रमांक लिहा आणि प्रत्येक जिल्ह्याकडून त्याच्या क्रमांकाकडे बाण काढा. हे फलन झालं. ज्या संचातून बाण निघतात तो प्रांत, आणि ज्या संचात ते पोचायला हवेत तो सहप्रांत. इथं प्रांत म्हणजे मुलुख नव्हे, गणितातली संज्ञा आहे, एवढं लक्षात ठेवा.

फलन होण्यासाठी अट एकच : प्रांतातल्या प्रत्येक वस्तूकडून नेमका एक बाण निघाला पाहिजे. शून्य नको, दोन नकोत. आता या यादीत नागपूर जिल्हा घाला. नागपूरला ३१ आहे, ग्रामीण भागासाठी ४० आहे आणि शहराच्या पूर्व भागासाठी ४९ आहे. एका जिल्ह्याकडून तीन बाण निघाले. म्हणजे 'जिल्ह्याचा क्रमांक' हे आता फलनच राहिलं नाही. तिथं एकास एक आहे का, हा प्रश्नसुद्धा उठत नाही. पहिली पायरी हीच : आधी डावीकडे बघा आणि फलन आहे याची खात्री करा.

खात्री झाली की डावीकडचं काम संपलं. पुढचे दोन्ही प्रश्न उजवीकडे उभं राहून विचारायचे असतात. त्या मुलीचा गोंधळ नेमका इथं होता. 'प्रत्येकाला एकच' हे वाक्य तिनं बरोबर म्हटलं, पण 'प्रत्येक' म्हणजे कोणत्या संचातला प्रत्येक, हे सांगायचं राहून गेलं. तर्कशास्त्रात 'प्रत्येक' हा शब्द आला की पहिल्यांदा विचारायचं, कशातला प्रत्येक?

तर तिन्ही वाक्यं शेजारी ठेवू. फलन : प्रांतातल्या प्रत्येकाकडून नेमका एक बाण निघतो. एकास एक : सहप्रांतातल्या प्रत्येकाकडे जास्तीत जास्त एक बाण येतो. आच्छादक, ज्याला इंग्रजी माध्यमातली मुलं ऑन्टू म्हणतात : सहप्रांतातल्या प्रत्येकाकडे किमान एक बाण येतो. पहिलं वाक्य निघण्याबद्दल आहे, उरलेली दोन पोचण्याबद्दल. आणि त्या दोनांत फरक 'जास्तीत जास्त' आणि 'किमान' एवढाच आहे.

म्हणून रीत सोपी आहे. बाण काढून झाले की सहप्रांतातल्या प्रत्येक वस्तूखाली एक आकडा लिहा : तिच्याकडे किती बाण आले. सगळे आकडे लिहून झाल्यावर दोन गोष्टी शोधा. कुठे २ किंवा जास्त आहे का? असेल तर एकास एक नाही. कुठे ० आहे का? असेल तर आच्छादक नाही. दोन्ही नसतील, म्हणजे सगळीकडे १ असेल, तर फलन दोन्ही आहे.

आता एक उदाहरण नीट करू. पाच गावं घ्या : मोझरी, मूर्तिजापूर, कारंजा, शेगाव आणि पुसद. नियम असा की गावाकडून त्याच्या जिल्ह्याकडे बाण काढायचा. मोझरी अमरावतीत, मूर्तिजापूर अकोल्यात, कारंजा वाशिममध्ये, शेगाव बुलढाण्यात, पुसद यवतमाळमध्ये. सहप्रांत म्हणजे हे पाच जिल्हे. प्रत्येकाखाली १ येतो. फलन एकास एकही आहे आणि आच्छादकही आहे.

पण माझ्या वयाच्या मंडळींना आठवत असेल, वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याआधी तो भाग अकोला जिल्ह्यातच होता. तर दिनांक मागे घेऊन १९९० सालात जाऊ. गावं तीच पाच, नियमही तोच, पण सहप्रांतात जिल्हे चारच : अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ. मूर्तिजापूरचा बाण अकोल्याला आणि कारंजाचाही अकोल्यालाच. आकडे लिहा : अमरावती १, अकोला २, बुलढाणा १, यवतमाळ १. शून्य कुठेच नाही, म्हणून आच्छादक आहे. अकोल्याखाली २ आहे, म्हणून एकास एक नाही.

यानं फरक काय पडला? समजा जुन्या कागदावर गावाचं नाव पुसलं गेलंय, आणि ते गाव या पाचांपैकीच आहे एवढं आपल्याला ठाऊक आहे. 'जिल्हा बुलढाणा' दिसलं तर गाव शेगाव, शंका नाही. पण १९९० च्या कागदावर 'जिल्हा अकोला' दिसलं तर मूर्तिजापूर की कारंजा, ते कळायला मार्ग नाही. बाणावरून उलटं चालता येत नाही. एकास एक असण्याचा व्यवहारातला अर्थ हाच : उत्तर हातात असेल तर ते कोणाचं उत्तर आहे हे सांगता येतं. पुस्तकात हेच f(a) = f(b) असेल तर a = b, असं लिहितात. दोघांचं उत्तर सारखं निघालं, तर ते दोघे मुळात एकच असले पाहिजेत. लक्षात घ्या, हे सूत्र उलटं लिहू नका. a = b असेल तर f(a) = f(b), हे तर प्रत्येक फलनात खरं असतं. त्यातून काहीच सिद्ध होत नाही. परीक्षेतले गुण बहुधा या उलटेपणातच जातात.

आता आच्छादकाची एक खोच. पाट्यांच्या उदाहरणाकडे परत या. पाच जिल्हे, आणि क्रमांक २७, २८, २९, ३०, ३७. सहप्रांतात हे पाचच क्रमांक घेतले तर फलन आच्छादक आहे. पण कोणी म्हणालं, सहप्रांत २७ पासून ३७ पर्यंतचे सगळे अकरा आकडे, तर? बाण तेच राहतात, पण ३१ ते ३६ यांच्याखाली ० येतो. ते क्रमांक पूर्व विदर्भातल्या जिल्ह्यांचे आहेत, आपल्या पाचांपैकी कोणाचे नाहीत. आता फलन आच्छादक नाही. एकास एक मात्र आधीही होतं, आताही आहे, कारण शून्यांमुळे कुठे २ येत नाही.

म्हणजे सहप्रांत सांगितल्याशिवाय 'आच्छादक आहे का' हा प्रश्न अर्धाच राहतो. जिथं खरोखर बाण पोचले तेवढ्या वस्तूंना व्याप्ती म्हणतात. व्याप्ती आणि सहप्रांत तंतोतंत सारखे असले तरच फलन आच्छादक. त्यामुळे कोणी नुसता नियम देऊन ऑन्टू आहे का असं विचारलं, तर बिनधास्त उलट विचारा, "कुठून कुठे?"

आता चौथा प्रकार राहिला, दोन्ही नसलेला. आजचे पाच जिल्हे घ्या, पण गावांच्या यादीतून पुसद काढून चिखलदरा घाला. चिखलदरा अमरावती जिल्ह्यात. आकडे झाले : अमरावती २, अकोला १, वाशिम १, बुलढाणा १, यवतमाळ ०. एक २ आणि एक ०. एकास एक नाही, आच्छादकही नाही.

हे २ आणि ० जोडीनं आले, हा योगायोग नाही. खालच्या आकड्यांची बेरीज करून बघा : २ + १ + १ + १ + ० = ५. ही बेरीज नेहमी प्रांतातल्या वस्तूंइतकीच येते, कारण प्रत्येकीकडून एकच बाण निघालाय. पाच खान्यांत पाच बाण वाटायचे असतील आणि एका खान्यात दोन गेले, तर कुठेतरी रिकामं राहणारच. म्हणून दोन्ही संचांत वस्तू सारख्याच असतील तर एकच गोष्ट तपासली तरी चालते : एकास एक असेल तर आच्छादक असणारच, आणि आच्छादक असेल तर एकास एक असणारच. १९९० च्या उदाहरणात गावं पाच आणि जिल्हे चार होते. तिथं बाण न काढताही सांगता आलं असतं की कुठेतरी दोन बाण एकत्र येणार. पाटीच्या अकरा क्रमांकांबाबतही तसंच : पाच बाणांनी अकरा खाने भरत नाहीत.

पण ही सोय मर्यादित संचांपुरतीच आहे, हे विसरू नका. १, २, ३, ४ असे कधीच न संपणारे आकडे घ्या. प्रत्येक आकड्याकडून त्याच्या पुढच्या आकड्याकडे बाण काढा : १ कडून २ कडे, २ कडून ३ कडे. दोन बाण एका ठिकाणी कधीच येत नाहीत, म्हणून एकास एक आहे. पण १ कडे कोणाचाच बाण येत नाही, म्हणून आच्छादक नाही. दोन्हीकडे तोच संच असूनही एक गोष्ट आहे आणि दुसरी नाही. पाचाच्या संचात जे अशक्य होतं ते इथं सहज घडलं, कारण इथं बेरीज करून तपासायला शेवटच नाही. १८८८ मध्ये डेडेकिंड या जर्मन गणितज्ञानं अनंत संचाची व्याख्याच या फरकावर उभी केली : जो संच आपल्याच एका लहान भागाशी एकास एक जुळू शकतो, तो अनंत.

शेवटी त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. नाही बेटा, प्रत्येक फलन एकास एक नसतं. मूर्तिजापूरला जिल्हा एकच होता, कारंजालाही एकच होता, पण तो दोघांचा एकच होता. घरी करून बघायला एक देतो. तुमच्या घरातली चार माणसं घ्या, सहप्रांतात आठवड्याचे सात वार घ्या, आणि प्रत्येकाकडून त्याच्या जन्मवाराकडे बाण काढा. आच्छादक आहे का, हे बाण काढायच्या आधीच सांगा. एकास एक आहे का, हे मात्र बाण काढूनच कळेल. असं का, तेही लिहून आणा. जय गुरु.