भाडेकरूचं पोलीस व्हेरिफिकेशन: घरमालक कागद का मागतो आणि तुम्ही काय द्यायचं?

वसईत होळीच्या आसपास भाड्याची खोली बघायला गेलात, की भाडं आणि डिपॉझिटचं बोलणं झाल्यावर लगेच पुढचं वाक्य येतं, "आधार आहे ना? पोलीस व्हेरिफिकेशन करावं लागेल." अनेकांना इथेच टेन्शन येतं. पोलीस घरी येतील का? त्यांनी नाही म्हटलं तर? आणि आधारची कॉपी कोणाकोणाकडे जाणार? मी स्वतः वसईत भाड्याने राहतो आणि मित्रांचे हे फॉर्म भरायला अनेकदा बसलो आहे, म्हणून सगळं एकदा नीट सांगतो.

आधी नावाचा घोळ सोडवू

आपण ज्याला व्हेरिफिकेशन म्हणतो, ते महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर `Tenant Information` या नावाने आहे. म्हणजे भाडेकरूची माहिती. ही माहिती घरमालक पोलीस ठाण्याला देतो. त्यात तुम्ही परवानगी मागत नसता, त्यामुळे "पोलिसांची एनओसी आण" असं कोणी म्हणालं तर तो वेगळंच काहीतरी मागतोय.

दुसरी गोष्ट म्हणजे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. तिथे अर्जदार तुम्ही स्वतः असता, पोलीस तुमच्यावर गुन्हे आहेत का ते तपासतात आणि मग प्रमाणपत्र देतात. नोकरीसाठी लागतं ते हे. भाडेकरूच्या फॉर्मची पोच मिळाली म्हणजे तुमची अशी तपासणी झाली, असा अर्थ होत नाही. पोच फक्त एवढंच सांगते की या पत्त्यावर हा माणूस राहतो, हे पोलिसांना कळवलं आहे.

मग मालक एवढा आग्रह का धरतो?

कारण अडकणार तो असतो. पोलीस आयुक्त भाडेकरूंची माहिती देण्याचे आदेश काढतात, ते आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात (आधीचं कलम १४४). असा आदेश एका वेळी जास्तीत जास्त दोन महिने चालतो, राज्य सरकारने वाढवला तर आणखी सहा महिन्यांपर्यंत. म्हणूनच तोच आदेश पुन्हा पुन्हा निघालेला दिसतो. तो मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गुन्हा भाडेकरूने केला तरी "कळवलं का नव्हतं?" हा प्रश्न मालकालाच विचारला जातो.

दुसरं कारण करारनाम्याचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही" हे महाराष्ट्रात चालत नाही. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं आधी खरं धरलं जातं, ते खोटं ठरवण्याचं काम मालकाचं. त्यामुळे शहाणा मालक ओळखपत्र आधी मागतो.

फॉर्ममध्ये काय भरतात?

समजा, तिघे मित्र होळीजवळ वन रूम किचन घेत आहेत. मालक `citizen.mahapolice.gov.in` वर लॉगिन करून फॉर्म उघडतो. त्यात मालकाचं नाव-पत्ता, भाड्याच्या घराचा पत्ता, कराराची सुरुवातीची आणि शेवटची तारीख, भाडेकरूचा फोटो, कायमचा पत्ता, ओळखपत्र, नोकरीचं ठिकाण आणि त्याला ओळखणाऱ्या माणसांचे नंबर लागतात. एजंट असेल तर त्याचीही माहिती. करार एकाच्याच नावावर असला तरी राहणार तिघे आहेत, म्हणून तिघांचीही माहिती द्या. नंतर चौथा राहायला आला तर त्याचीही.

इथे एक जागा हमखास चुकते. होळीचा टपालाचा जिल्हा पालघर आहे, पण १ ऑक्टोबर २०२० पासून वसई-विरारची पोलीस ठाणी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात आहेत. फॉर्मच्या यादीत पालघर निवडलंत तर ती ग्रामीण पोलिसांची यादी उघडते आणि त्यात वसई पोलीस ठाणं सापडत नाही. मग लोक जवळचं वाटेल ते ठाणं निवडून मोकळे होतात आणि माहिती भलतीकडे जाते. आधी आयुक्तालय निवडा, मग ठाणं.

आधार द्यायचं, पण कसं?

मला एका एजंटने सांगितलं होतं, "आधारचे दोन्ही बाजूचे फोटो व्हॉट्सॲप करून टाक." असा फोटो एकदा गेला की तो कुठल्या ग्रुपवर फिरतो ते आपल्याला कळत नाही. त्यापेक्षा मास्क्ड आधार द्या. त्यात बारापैकी पहिले आठ अंक झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. `myaadhaar.uidai.gov.in` वर ओटीपीने लॉगिन करा, `Download Aadhaar` मध्ये जा आणि मास्क्डचा चौकोन टिक करा. मिळणाऱ्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष, उदाहरणार्थ `SURE1998`. प्रिंट काढा आणि त्यावर आडवं लिहा, "फक्त होळी, वसई येथील भाडेकरारासाठी", खाली तारीख आणि सही.

"अंक झाकलेत, मग खरं कशावरून?" असं मालक काका विचारतील, आणि प्रश्न बरोबर आहे. त्यांना क्यूआर कोड दाखवा. त्यात तुमचं नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फोटो असतो, आणि त्यावर आधार देणाऱ्या प्राधिकरणाची डिजिटल सही असते. कागदावरचं नाव एडिट करणं सोपं आहे, पण कोडमधलं एक अक्षर जरी बदललं तरी सही जुळत नाही. `mAadhaar` ॲपमधल्या स्कॅनरने कोड वाचला आणि स्क्रीनवरचा माणूस व समोरचा माणूस एकच दिसला, की झालं. रंगीत झेरॉक्सपेक्षा ही खात्री कितीतरी पक्की.

पोलिसांच्या फॉर्मला ओळखपत्राचा नंबर लागतो. तिथे ड्रायव्हिंग लायसन्स किंवा मतदार ओळखपत्रही चालतं. आधारचाच नंबर द्यायचा असेल तर मालकाच्या शेजारी बसून स्वतः टाइप करा. कराराच्या ऑनलाइन नोंदणीत आधार नंबर आणि अंगठा लागतो, पण तो थेट यंत्रणेत जातो. त्यासाठी वेगळी झेरॉक्स कोणाला द्यायची गरज नाही.

काम झालं हे कसं ओळखायचं?

फॉर्म सबमिट झाला की अर्ज क्रमांक मिळतो. त्याची प्रत मालकाकडून मागून घ्या आणि तीन गोष्टी बघा: ठाणं बरोबर आहे का, पत्ता करारात आहे तोच आहे का, कराराच्या तारखा जुळतात का. पोर्टलवर माहिती भरायला सरकारी फी नाही. एजंट "व्हेरिफिकेशनचे पैसे" मागत असेल तर तो त्याच्या टायपिंगचा चार्ज आहे. तो देणार असाल तरी अर्ज क्रमांक हातात आल्यावरच द्या. आणि करार रिन्यू केलात तर नव्या तारखांसह माहितीही पुन्हा भरायला सांगा, कारण जुन्या फॉर्ममधली मुदत जुन्या कराराबरोबरच संपलेली असते.