काजळी तेलाची की वातीची?

ओरत्तनाडूला, तंजावरच्या सरफोजी राजांनी 1800 च्या सुमारास बांधलेल्या मुक्तांबाळ छत्रामुळे ओळखल्या जाणाऱ्या गावी, आमच्या आजोळी देवघराची एक देवळी आहे. दरवर्षी चुना दिला तरी ती वर्षभरात काळी होते. दोष कोणाचा, यावर घरात दोन पक्ष आहेत. आजी तिळाच्या तेलाला दोष देते. तमिळमध्ये एरंडेलाला ‘विळक्केण्णै’ म्हणजे ‘दिव्याचे तेल’ असेच म्हणतात, म्हणून तेच वापरावे असे तिचे म्हणणे. मामा म्हणतो, खोबरेल वापरा. विज्ञान प्रकल्पासाठी मी हाच प्रश्न घेतला.

एकाच मापाच्या मातीच्या पणत्या घेतल्या. वातीच्या टोकापासून बरोबर 10 सें.मी. वर स्टीलची ताटली तिवईवर ठेवली. दिवा लावण्यापूर्वी आणि नंतर ताटली व पणती दोन्ही तोलल्या. म्हणजे काजळी किती जमली हे जसे कळते, तसेच तेल किती जळले हेही कळते. ताटली पूर्ण निवल्यावरच तोलावी लागते, कारण गरम ताटलीभोवतीची हवा वर चढते आणि काटा कमी वजन दाखवतो. शाळेच्या प्रयोगशाळेतील काट्यावर 1 मिलिग्रॅमपर्यंतच वाचता येते. एका तासात जमणारी काजळी एवढ्यात कशी भरवशाने मोजणार? म्हणून प्रत्येक दिवा तीन तास जाळला. पंखा बंद, खिडकी बंद. डाग ताटलीच्या मध्यावर नसून एका कडेला आला की वाऱ्याने धूर बाहेर गेला असे समजून तो प्रयोग पुन्हा केला.

कापसाची लांब वात, पणतीच्या काठाबाहेर 4 मि.मी. ठेवून, पहिली फेरी झाली. एरंडेलाच्या ताटलीवर 3 मिलिग्रॅम काजळी, खोबरेलाच्या 6 आणि तिळाच्या 9. आजी खूश! पण तेलाचे वजन पाहिले तेव्हा चित्र बदलले. एरंडेल 6 ग्रॅमच जळले होते, बाकीची दोन्ही 12 ग्रॅम. एरंडेल फार दाट असते, ते वातीतून हळू चढते, म्हणून ज्योतच लहान राहते. एका ग्रॅम तेलामागे हिशेब केला तर एरंडेल आणि खोबरेल दोन्ही अर्ध्या मिलिग्रॅमवर येतात, तीळ पाऊण मिलिग्रॅमवर. 3 मिलिग्रॅममध्ये 1 इकडेतिकडे होऊ शकतो, त्यामुळे हा फरक मी मोठा मानत नाही.

मग तिळाचेच तेल ठेवून वात 8 मि.मी. बाहेर काढली. तीन तासांत 18 ग्रॅम तेल जळले आणि ताटलीवर 81 मिलिग्रॅम काजळी बसली. ग्रॅममागे साडेचार मिलिग्रॅम, म्हणजे पहिल्याच्या सहापट. तेल तेच, पणती तीच!

याचे कारण ज्योतीतच आहे. ज्योतीचा पिवळा प्रकाश म्हणजे तापून चमकणारे काजळीचे कणच असतात. म्हणजे काजळी प्रत्येक दिव्यात तयार होते. लहान ज्योतीत हे कण टोकापर्यंत जाताजाता हवा मिळून जळून जातात. वात लांब असली की तेलाची वाफ जास्त निघते, ज्योत उंच होते, आतल्या भागाला हवा पुरत नाही आणि कण जळण्याआधीच निवतात. हे काट्याशिवायही ओळखता येते. ज्योतीचे टोक अणकुचीदार आणि स्थिर असेल तर ठीक. टोक फाटून दोन शिंगे दिसू लागली किंवा त्यातून काळा धागा वर निघाला की वात मागे ओढावी.

दोन वाती एकत्र वळून लावल्या, तेव्हाही ज्योत मोठी होऊन असेच झाले. फुलवातीचे टोक सुरुवातीला नीट जळते. पुढे त्यावर जळका गोळा धरतो आणि ज्योत फाटते, तो झाडला की पुन्हा सरळ होते. कमळाच्या देठाच्या धाग्यांची वात बाजारातून आणली होती, पण तिची जाडी ठिकठिकाणी वेगळी निघाली. म्हणून तिचे आकडे येथे दिलेले नाहीत. ‘दीपम् तेल’ म्हणून मिळणारे मिश्रणही गाळले, कारण त्यात काय किती आहे ते बाटलीवर नव्हते.

उघड्या पणतीत रॉकेल ओतणे धोक्याचे, म्हणून ते केले नाही. पण 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात साध्या वातीच्या रॉकेलच्या चिमण्यांमधून जळलेल्या रॉकेलच्या 7 ते 9 टक्के काजळी बाहेर पडते असे आढळले. म्हणजे ग्रॅममागे 70 ते 90 मिलिग्रॅम! माझी ताटली सगळी काजळी पकडत नाही, त्यामुळे थेट तुलना करता येत नाही.

शेवटी ताटली खाली आणून ज्योतीच्या टोकाला टेकवली. 4 मि.मी. वातीच्या त्याच शांत ज्योतीने दहाच मिनिटांत 11 मिलिग्रॅम काजळी दिली, कारण थंड धातूने ज्योत मध्येच विझवली. डोळ्यांत घालायचे काजळ असेच धरतात. नंतर देवळी मोजली. समई आत ठेवली की ज्योतीचे टोक आणि देवळीचे छत यांत जेमतेम दोन बोटे अंतर राहते. आता समई बाहेर पाटावर ठेवतात. तेल मात्र अजून तिळाचेच आहे.